‘यूए ७+’ आणि साडेपाच वर्षांची मुलगी

‘माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. सुट्टीत नणंदेची दोन मुले (वय नऊ आणि बारा) आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चित्रपटगृहात एक ॲनिमेशनपट पाहायचे ठरवले आहे. त्याला ‘यूए ७+’ प्रमाणपत्र आहे. माझे पती म्हणतात, तिला आत सोडणारच नाहीत. नणंद म्हणते, कार्टून तर आहे, त्यात एवढा विचार काय करायचा! माझी काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी तिला घरी एक ‘यू’ चित्रपट दाखवला. त्यात आई पिल्लाला सोडून जाते, तिथे ती इतकी रडली की पुढे बरेच दिवस एकटी झोपायला तयार नव्हती. या नव्या चित्रपटातही वणव्यात अस्वलाचे पिल्लू आईपासून तुटते, असे ट्रेलरमध्ये दिसते. ‘यू’ला असे झाले, तर ‘यूए’ला काय होईल? या अक्षरांवर विश्वास तरी किती ठेवायचा? – एक आई’

सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण तो सर्वांत सोपा आहे. तुमच्या मुलीला आत जाता येईल. आपल्याकडे प्रेक्षकाला वयावरून दाराशी अडवले जाते ते फक्त ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला. तिथे अठरा वर्षांखालील मूल आईवडिलांचे बोट धरून आले तरी त्याला प्रवेश नसतो. ‘यूए’ चित्रपट मात्र कायद्याच्या दृष्टीने सर्वांसाठी खुला असतो आणि त्यासोबतचा आकडा पालकांना उद्देशून असतो. सात वर्षांखालील मुलाला हा चित्रपट दाखवावा की नाही, हे तुम्ही विचार करून ठरवा, एवढेच त्यात सांगितलेले असते. म्हणजे यजमानांचे म्हणणे बरोबर नाही, पण त्यामुळे नणंदेचे बरोबर ठरते असेही नाही. दारावरचा माणूस तिला सोडेल, एवढ्याने चित्रपट तिच्यासाठी योग्य ठरत नाही.

हा आकडा आला कुठून, तेही सांगते, कारण जुने चित्रपट घरी दाखवताना त्याचा उपयोग होतो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली बराच काळ ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ मध्ये त्यांच्या मधे ‘यूए’ आला आणि त्याचा अर्थ बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी विवेक वापरावा, असा होता. २०२३ च्या दुरुस्तीने त्या एका वर्गाचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग केले आणि २०२४ च्या नियमांनंतर ते पडद्यावर दिसू लागले. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या चित्रपटावर नुसते ‘यूए’ असेल, तर तो आजच्या कोणत्या पायरीवर बसला असता हे त्या अक्षरांवरून कळत नाही. त्यात किरकोळ मारामारीचे विनोदी चित्रपटही आहेत आणि आज ‘१६+’ मिळाला असता असेही आहेत. नुसत्या ‘यूए’चा जुना चित्रपट लहान मुलासाठी निवडताना तो न तपासलेला आहे असे समजूनच सुरुवात करावी.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळते. ‘यू’ सर्वांत सौम्य, ‘यूए’ त्याहून तीव्र, म्हणून ज्या मुलाला ‘यू’ झेपला नाही त्याला ‘यूए’ मुळीच झेपणार नाही, असे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक स्वाभाविक आहे, पण ते मला पटत नाही. प्रमाणपत्र देणारी समिती चित्रपटात आक्षेपार्ह काय आहे आणि ते किती तीव्रतेने दाखवले आहे, हे पाहते. हिंसा, लैंगिकता, शिव्या, अमली पदार्थ, भीती उत्पन्न करणारी दृश्ये या तिच्या मुख्य चिंता असतात. त्या बाबतीत चित्रपट एका मर्यादेच्या वर गेलेला नाही, एवढी ग्वाही ‘यू’ देतो. हा चित्रपट लहान मुलांसाठी काढलेला आहे, तो त्यांना समजेल किंवा त्यातले दुःख त्यांना पेलेल, असे ‘यू’मध्ये कुठेही म्हटलेले नसते. आईने पिल्लाला सोडून जाण्यात रक्त नाही, शिवी नाही, शस्त्र नाही. त्यामुळे मंडळाने त्या दृश्याला हरकत घेतली नाही यात त्यांचे काही चुकले नाही आणि ते पाहून तुमची मुलगी कोसळली यात तिचेही काही वावगे नाही.

प्रमाणपत्र मिळते कसे, हे कळले की त्याच्या मर्यादाही लक्षात येतात. निर्माता अर्ज करतो, समिती संपूर्ण चित्रपट पाहते आणि कोणत्या वर्गात, कोणत्या बदलांसह तो दाखवता येईल ते सुचवते. वरचा वर्ग मिळाला तर प्रेक्षक कमी होतात, त्यामुळे खालचा वर्ग मिळवण्यासाठी निर्माते पुष्कळदा काटछाट मान्य करतात. ही काटछाट मोजता येण्याजोग्या गोष्टींची असते. एखादा शब्द गाळला जातो, वार करतानाचे काही सेकंद कमी होतात, रक्ताचे दृश्य लांबून दाखवले जाते. चित्रपटभर दाटलेली भीती, पार्श्वसंगीतातला ताण, एखाद्या पात्राचे असहाय्य एकटेपण हे मात्र कात्रीला सापडत नाही. मोठ्यांच्या दृष्टीने ‘साफ’ झालेला चित्रपट साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी होता तसाच राहतो.

या वयाच्या मुलांना कशाची भीती वाटते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोॲन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग मला आजही सर्वांत उपयोगी वाटतात. एका प्रयोगात मुलांना एका वृद्ध स्त्रीची चित्रफीत दाखवली. काहींना ती दिसायला प्रेमळ आजीसारखी, तर काहींना कुरूप दिसली आणि तिचे वागणेही कधी दयाळू, कधी क्रूर ठेवले होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिला मुख्यतः रूपावरून जोखले. नऊ-दहा वर्षांची मुले मात्र तिच्या वागण्याकडे अधिक पाहत होती. दुसऱ्या प्रयोगात साध्या माणसाचे हिरव्या राक्षसी देहात रूपांतर होणारी ‘हल्क’ ही दूरचित्रवाणी मालिका होती. तो राक्षस चांगल्या बाजूचा आहे, तो आता संकटातून सोडवणार, हे मोठ्या मुलांना ठाऊक असल्याने त्यांना त्या क्षणी हायसे वाटले. शाळापूर्व वयाच्या मुलांना सर्वाधिक भीती नेमकी त्याच क्षणानंतर वाटली.

याचा व्यवहारातला अर्थ असा की लहान मूल कथेच्या भल्या-बुऱ्या हिशेबावर चालत नाही. शेवटी सगळे ठीक होणार आहे, हा दिलासा तुम्हाआम्हाला पहिल्या मिनिटापासून सोबत करतो, तिला तो नसतो. समोर जे दिसते आणि ऐकू येते, तेवढेच त्या क्षणी खरे असते. म्हणून ॲनिमेशन आहे म्हणजे चिंता नाही, हा नणंदेचा युक्तिवाद टिकत नाही. उलट ॲनिमेशनमध्ये चेहरा हवा तितका विद्रूप करता येतो, प्राणी क्षणात अक्राळविक्राळ होतो, डोळे लाल होतात आणि आवाजही तसाच बदलतो. नऊ आणि बारा वर्षांची दोन भावंडे ज्या दृश्यावर हसतील, त्यावर ही रडेल, आणि तिघेही आपापल्या वयाला साजेसेच वागत असतील. मात्र मोठी भावंडे हसली की लहान मूल भीती लपवू लागते, हे ध्यानात ठेवा. ‘ती तर मजेत बघत होती’ असा निर्वाळा पुष्कळदा त्यातूनच दिला जातो.

परदेशांतल्या वर्गीकरणाचा उल्लेख इथे केवळ एका कारणासाठी करते. तुमचा ॲनिमेशनपट परदेशी असेल, तर ब्रिटनच्या बीबीएफसी या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या चित्रपटाबद्दल एक छोटी टिप्पणी वाचायला मिळेल आणि ती नुसत्या आकड्यापेक्षा बरीच बोलकी असते. धोका, हिंसा, भाषा अशा मथळ्यांखाली नेमके काय दाखवले आहे, हे तिथे दोन-चार वाक्यांत लिहिलेले असते. त्यांचा ‘यू’ साधारण चार वर्षे आणि त्यापुढच्या मुलांसाठी असतो. ‘पीजी’ साधारण आठ वर्षांच्या मुलाला अस्वस्थ करणार नाही अशा बेताचा असतो. आणि एखाद्या विशिष्ट मुलाला काय अस्वस्थ करील हे सांगता येत नाही, अशी कबुली ती संस्था ‘यू’ वर्गाबद्दल बोलतानाच देते. अमेरिकेतील ‘पीजी’ आणि ब्रिटनमधील ‘पीजी’ या दोन वेगळ्या संस्थांच्या वेगळ्या पायऱ्या आहेत, तेव्हा एकीचे अक्षर दुसरीच्या तक्त्यात शोधू नये. घरी ओटीटीवर दिसणारा ‘यू/ए ७+’ हाही वेगळाच. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथल्या मालिका आणि ओटीटीसाठीच काढलेले चित्रपट यांचे वर्गीकरण ते व्यासपीठ स्वतः करते. मात्र आकड्याशेजारी ‘हिंसा’, ‘भीतिदायक दृश्ये’ असे जे शब्द लिहिलेले असतात, ते वाचण्याची सवय जरूर लावावी. लहान मुलाच्या पालकाला आकड्यापेक्षा ते शब्द अधिक सांगतात.

आता तुमचा अस्वलाचा चित्रपट घेऊ. तुमच्या मुलीबद्दल एक फार मोलाची माहिती तुमच्याजवळ आहे आणि ती कोणत्याही मंडळाजवळ असणे शक्य नाही. तिला मारामारीची किंवा राक्षसाची भीती वाटल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तिला आई दुरावण्याची भीती वाटली, आणि या कथेचा पायाच आई दुरावण्याचा आहे. त्यामुळे ‘यूए’ आहे म्हणून नव्हे, तर विषय तोच आहे म्हणून सावध राहायला हवे. याच तर्काने, एखादा ‘यूए ७+’ चित्रपट केवळ विनोदी मारामारीमुळे त्या वर्गात गेला असेल, तर तो तुमची मुलगी कदाचित खुशाल पाहील.

ट्रेलरवरून मात्र निर्णय घेऊ नका. ट्रेलर दोन-अडीच मिनिटांचा असतो आणि त्यात चित्रपटातले सर्वांत वेगवान तुकडे एकत्र शिवलेले असतात. ताटातूट होते, हे त्यावरून कळले. ती किती वेळ टिकते हे कळले नाही, आणि तुमच्या मुलीसाठी सगळा प्रश्न तोच आहे. पिल्लू आठव्या मिनिटाला आईपासून तुटले आणि पंधराव्या मिनिटाला त्याला एखादा खेळकर सोबती मिळाला, आई जिवंत आहे हे प्रेक्षकाला मधूनमधून दिसत राहिले, तर तो एक चित्रपट झाला. आईचे काय झाले हे शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कळतच नाही, किंवा ती वणव्यात मरते आणि पिल्लू तिच्याजवळ बसून तिला हलवत राहते, तर तो सर्वस्वी वेगळा चित्रपट. दोन्हींना ‘यूए ७+’ मिळू शकतो.

म्हणून चित्रपट आधी पाहून आलेल्या कुणाला तरी विचारा, पण ‘लहान मुलांना चालेल का?’ असे विचारू नका. त्यावर ‘अगदी चालेल’ असेच उत्तर येते, कारण उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचे स्वतःचे मूल असते. आई मरते का, आणि मरत असेल तर ते पडद्यावर दिसते का? पिल्लू सलग किती वेळ एकटे असते? कुणाचा चेहरा अचानक भयानक होतो का? शेवटच्या अर्ध्या तासात उसंत मिळते का? असे नेमके प्रश्न विचारले की माणूस आठवून उत्तर देतो. शेवटच्या अर्ध्या तासाचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. बहुतेक साहसपटांत सर्वांत मोठा गोंधळ आणि सर्वांत मोठा आवाज तिथे असतो आणि मूल तेव्हा सर्वांत दमलेले असते. असे विचारण्याजोगे कुणी नसेल, तर तुम्हा दोघांपैकी एकाने आधी पाहून येणे हाच खात्रीचा मार्ग. तो खर्चिक आहे हे मान्य, पण अशा मुलीच्या बाबतीत मी तो टाळणार नाही.

माझे मत विचाराल, तर आई मरत असेल किंवा ताटातूट शेवटपर्यंत टिकत असेल, तर यावेळी तिला चित्रपटगृहात नेऊ नये. घरी टीव्हीवर पाहताना आवाज कमी करता येतो, थांबवता येते, दिवा चालू ठेवता येतो, मध्येच उठून जाता येते. चित्रपटगृहात डोळे झाकता येतात, पण आवाज सर्व बाजूंनी येतच राहतो. चित्रपट ओटीटीवर आल्यावर तिला तो दिवसाउजेडी, तुम्ही शेजारी असताना आणि कथा आधी सांगून दाखवता येईल. नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांनी नणंदेबरोबर ठरल्याप्रमाणे जावे. त्यांच्या आनंदावर पाणी पाडण्याचे कारण नाही. मुलीला ‘तू लहान आहेस म्हणून नाही’ असे मात्र सांगू नका, कारण मग तो चित्रपट म्हणजे मोठे होण्याचे प्रमाणपत्र होऊन बसतो. त्या दिवशी तिच्यासाठी दुसरे काही ठरवा आणि ते आधीच सांगून ठेवा.

चौकशीअंती ताटातूट थोडकी आहे असे कळले आणि तुम्ही तिला नेले, तर जाण्यापूर्वी तिला गोष्ट शेवटासकट सांगा. मोठ्यांना शेवट कळला की रस जातो. या वयात उलट आहे. ‘पिल्लाला आई सापडते’ हे आधी ठाऊक असेल, तर मधल्या भागात तिला धरायला काहीतरी असते. कडेची, वाटेजवळची खुर्ची घ्या आणि बाहेर पडायचे झाल्यास तिच्याबरोबर कोण उठणार हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवा. तसे ठरलेले नसेल, तर ‘आता संपेलच, पाच मिनिटे थांब’ असे म्हणत मोठी माणसे बसून राहतात. हुंदके सुरू होईपर्यंत वाट पाहू नका. अंग आक्रसून घेणे, हात कानांवर नेणे, पुन्हापुन्हा शू लागल्याचे सांगणे, पडद्याऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत राहणे ही त्याआधीची लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे. जे दिसते आहे ते धोक्याचे आहे का, हे ती तुमच्याकडे पाहून ठरवत असते. अशा वेळी तिला मांडीवर घ्या, आणि ते पुरले नाही तर सरळ बाहेर पडा. परत आत जायचे की नाही, हे तिला ठरवू द्या.

आणि भीती बसलीच, तर ‘ते खोटे असते गं, चित्र असते’ ही समजूत साडेपाचव्या वर्षी फारशी उपयोगाला येत नाही. ‘हे खरे नाही’ हा विचार मनात धरून भीतीला आवर घालणे मुलांना साधारण सात-आठ वर्षांनंतर जमू लागते, त्याआधी शरीराला मिळणारा दिलासा अधिक कामाचा असतो, असे वर उल्लेखलेल्या अभ्यासकांनाही आढळले होते. जवळ घेणे, आवडते पांघरूण किंवा खेळणे हातात देणे, पाणी पाजणे, काही रात्री शेजारी झोपणे. गेल्या वर्षी तुम्ही तिला जवळ झोपवले असेल, तर ते लाड नव्हते, योग्य उपाय होता. तिला त्या प्रसंगाचे चित्र काढावेसे वाटले किंवा बाहुल्यांशी तोच खेळ पुन्हापुन्हा खेळावासा वाटला, तर अडवू नका, पण आपणहून विषय उकरूनही काढू नका. झोपेची तक्रार काही आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, दिवसाही ती तुम्हाला नजरेआड होऊ देत नसेल किंवा शाळेत जायला नकार देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. अशा वेळी चित्रपट बहुधा निमित्त असतो आणि भीतीचे मूळ दुसरीकडे असू शकते.